बिनकराची सिगारेट : प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांत रोज विकल्या जाणाऱ्या सिगारेटींपैकी काहींवर सरकारला एक रुपयाही कर मिळालेला नसतो. या सिगारेटी तीन वाटांनी येतात. काही परदेशातल्या नोंदणीकृत कारखान्यात रीतसर तयार होतात, पण भारतात चोरून आणल्या जातात. इंडोनेशियाची लवंगमिश्रित गुडांग गरम आणि दक्षिण कोरियाची बारीक, लांब एस्से ही नावे महसूल गुप्तचर संचालनालयाच्या जप्तीच्या बातम्यांत वारंवार दिसतात. काही निव्वळ बनावट असतात. नामांकित ब्रँडचे पाकीट हुबेहूब छापून त्यात कुठल्याशा शेडमध्ये वळलेली सिगारेट भरलेली असते. तिसरा प्रकार देशातच तयार होतो, पण कारखान्याच्या हिशेबवहीत त्याची नोंद नसते. बाजारात या तिन्हींना एकच नाव आहे, दोन नंबरचा माल.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या भागांतले शिक्षक, आरोग्यसेविका, सोसायट्यांचे पदाधिकारी, दुकानदार आणि पालक यांच्यासाठी ही पुस्तिका तयार केली आहे. तिच्यामागची भूमिका सुरुवातीलाच सांगतो. तस्करीची सिगारेट ही तंबाखूवरचा कर वाढवू नये म्हणून पुढे केली जाणारी सर्वांत मोठी सबब आहे. प्रत्यक्षात ती कर जास्त असल्याचा पुरावा नसून मालावर नजर ठेवण्याची साखळी कुठे तुटली आहे याचा पुरावा आहे. कर खाली आणून ती साखळी जुळत नाही. ती जुळवण्याचे उपाय वेगळे आहेत आणि ते माहीत आहेत.

हे समजण्यासाठी एका कंटेनरचा हिशेब मांडू. परदेशी सिगारेटच्या पाकिटात साधारणपणे वीस सिगारेटी असतात. अशी दहा पाकिटे एका लांबट कार्टनमध्ये बसतात, म्हणजे दोनशे सिगारेटी. पन्नास कार्टनचा एक मोठा खोका होतो, त्यात दहा हजार सिगारेटी. चाळीस फुटी कंटेनरमध्ये असे सुमारे हजार खोके मावतात. एका कंटेनरमध्ये जवळपास एक कोटी सिगारेटी येतात त्या अशा.

आता कर पाहू. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून सिगारेटवर २८ टक्के जीएसटी आणि त्यावर भरपाई उपकर अशी रचना होती. १ फेब्रुवारी २०२६ पासून ती बदलली. जीएसटी ४० टक्के झाला आणि उपकराच्या जागी केंद्रीय उत्पादन शुल्क आले. हे शुल्क सिगारेटच्या लांबीवर आणि फिल्टर आहे की नाही यावर ठरते. ते दर हजार सिगारेटींमागे २,०५० रुपयांपासून ८,५०० रुपयांपर्यंत आहे. एक कोटी सिगारेटी म्हणजे दहा हजार हजार. सर्वांत खालच्या दराने त्यांवर दोन कोटी पाच लाख रुपये आणि सर्वांत वरच्या दराने साडेआठ कोटी रुपये एवढे शुल्क होते. जीएसटी आणि आयात मालावरचे सीमाशुल्क यात धरलेलेच नाही.

तस्कराच्या बाजूचा हिशेब असा. समजा, कारखान्याची किंमत, बोटीचे भाडे आणि वाटेतली सगळी 'व्यवस्था' धरून त्याला कंटेनर दीड कोटीला पडला. इथल्या घाऊक बाजारात सिगारेट चार रुपयांना गेली, तर त्याच्या हाती चार कोटी येतात. दोनपैकी एक कंटेनर पकडला गेला, तरी तीन कोटी घालून चार कोटी मिळाले. अधूनमधून जप्ती होऊनही हा धंदा थांबत नाही, कारण जप्ती त्याच्या खर्चात आधीच धरलेली असते. त्याला खरी अडचण होते ती पकडले जाण्याची शक्यता वाढली की, किंवा माल पुढे विकायला टपरी मिळेनाशी झाली की. या दोन गोष्टी पुढच्या प्रकरणांत पुन:पुन्हा येतील.

माल येतो कसा? मोठा माल समुद्रमार्गे येतो. न्हावा शेवाला उतरणाऱ्या कंटेनरच्या कागदांवर भलतेच काही लिहिलेले असते. दाराजवळ कागदावरच्या मालाचे खोके रचतात आणि मागे सिगारेटी भरतात. चिंचेच्या खोक्यांआड लपवलेल्या सिगारेटी तिथल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पकडल्याचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. प्रत्येक कंटेनर उघडून पाहणे कोणत्याच बंदरात शक्य नसते. कुठला उघडायचा हे माल कुठून आला, आयातदार कोण, त्याने पूर्वी काय आणले, जाहीर केलेल्या मालाचे वजन जुळते का, यावरून ठरवावे लागते. तस्कर म्हणूनच नवे आयातदार उभे करतात आणि संशय येणार नाही असा स्वस्त, साधा माल कागदावर दाखवतात.

छोटा माल विमानाने येतो, आणि आंतरराष्ट्रीय विमानतळ अंधेरीतच सहारला आहे. २०१६ च्या सामान नियमांनुसार परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला शंभर सिगारेटी, म्हणजे वीसची पाच पाकिटे, शुल्काशिवाय आणता येत होती. त्यापुढच्या सिगारेटींवर जबर शुल्क होते. खेपा मारणारे लोक कपड्यांच्या घडीत, सामानाच्या तळाशी कार्टनच्या कार्टन आणतात. एका माणसाच्या बॅगेतला माल थोडा असला, तरी माणसे बदलत राहतात आणि खेपा चालू राहतात.

बंदरातून निघालेला कंटेनर गोदामात रिकामा झाला की पुढचा प्रवास टेम्पो, रिक्षा आणि स्कूटरवरून होतो. इथे उपनगरांच्या इतिहासातली एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर पूर्वी जकातीसाठी मालाच्या गाड्या थांबत. त्या व्यवस्थेत विलंब आणि भ्रष्टाचार होता, यात शंका नाही. पण शहरात येणाऱ्या मालाचा कागद तिथे कोणीतरी हातात घेई. १ जुलै २०१७ ला जकात गेली आणि ती तपासणीही गेली. तिची जागा ई-वे बिलाने घेतली. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. चार रुपयांच्या हिशेबाने एक लाखात पंचवीस हजार सिगारेटी येतात, म्हणजे वर सांगितलेले अडीच खोके. दोन खोके घेऊन निघालेल्या टेम्पोला तो कागद जवळ ठेवण्याचीच गरज नाही. कंटेनर फुटून त्याचे लहान भाग झाले की माल जवळजवळ अदृश्य होतो. म्हणून तो पकडायचा तर कंटेनर फुटण्याआधी, नाहीतर टपरीवर.

टपरीवर काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. स्टेशनच्या पुलाखालच्या किंवा ऑफिसच्या फाटकासमोरच्या पानाच्या टपरीवर फळीवर उघडी पाकिटे ओळीने असतात. शेजारी दोरीला टांगलेला लायटर असतो. गिऱ्हाईक नाव घेते, टपरीवाला उघड्या पाकिटातून एक काढून देतो, पैसे घेतो. पाकीट फळीवरच राहते. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी घातली, पण उपनगरातल्या कुठल्याही नाक्यावर सुटी सिगारेट आजही मिळते. ही सवय दोन नंबरच्या मालाच्या पथ्यावर पडते. पाकीट ग्राहकाच्या हातात येतच नाही, त्यामुळे त्यावर भारतीय इशारा आहे की नाही, आयातदाराचा पत्ता आहे की नाही, छापील किंमत आहे की नाही, हे त्याला कळत नाही. खऱ्या पाकिटांच्या ओळीत एखादे बनावट पाकीट उघडे ठेवले, तर ते ओळखायला कोणी थांबत नाही.

टपरीवाला हा माल का ठेवतो, हेही समजून घेतले पाहिजे. कर भरलेल्या सिगारेटच्या पाकिटावर त्याला थोडकेच सुटते, कारण किंमत छापलेली असते आणि कंपनीने दिलेला नफा ठरलेला असतो. करचुकव्या मालात खरेदी आणि विक्री यांच्यातले अंतर मोठे असते आणि त्यातला वाटा त्याला मिळतो. या धंद्यात सर्वांत कमी कमावणारा आणि सर्वांत सहज सापडणारा माणूस तोच आहे. कारवाई फक्त त्याच्यावर झाली, तर चार दिवसांनी शेजारची टपरी तोच माल ठेवते. पण तो साखळीतला अटळ दुवा आहे हेही खरे. त्याने माल नाकारला, तर कंटेनरला किंमत उरत नाही. म्हणून या पुस्तिकेतले एक संपूर्ण प्रकरण दुकानदारांसाठी आहे.

आता करधोरणाकडे येऊ. तंबाखूवरच्या कराचे काम फक्त तिजोरी भरणे नाही. महाग झालेली वस्तू माणूस कमी घेतो, आणि ज्याच्या खिशात कमी पैसे असतात तो आधी हात आखडतो. कॉलेजातला मुलगा आणि रोजंदारीवरचा कामगार यांच्यावर किमतीचा परिणाम सर्वांत जास्त होतो, आणि व्यसन लागण्याआधीच रोखायचे तर नेमके हेच लोक महत्त्वाचे. किरकोळ किमतीत करांचा एकूण वाटा किमान ७५ टक्के असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतात सिगारेटवरचा वाटा वर्षानुवर्षे याच्या बराच खाली राहिला, आणि या काळात उत्पन्न वाढत गेल्याने सिगारेट अनेकांना आधीपेक्षा परवडू लागली.

बिनकराचा माल या धोरणाला तीन ठिकाणी पोखरतो. पहिले, महसूल बुडतो. ते उघड आहे आणि वरच्या हिशेबात आपण पाहिले. दुसरे, किमतीचा तळ फुटतो. कर वाढल्यावर धूम्रपान करणाऱ्यापुढे सोडणे, कमी करणे किंवा स्वस्त कायदेशीर ब्रँडकडे वळणे असे पर्याय असतात. शेजारी करच न भरलेली सिगारेट मिळू लागली की आणखी एक पर्याय तयार होतो: तितक्याच, किंवा त्याहून जास्त सिगारेटी, पूर्वीच्याच पैशात. सोडण्याच्या उंबरठ्यावर आलेला माणूस तिथूनच मागे फिरतो. कर नेमका त्याला वाचवण्यासाठी लावला, आणि नेमका त्याच्यापुरताच तो निकामी होतो.

तिसरे नुकसान सर्वांत मोठे आहे, आणि ते बाजारात नव्हे, मंत्रालयांच्या बैठकांत होते. कर वाढवायचा प्रस्ताव आला की उद्योगाच्या बाजूने सांगितले जाते, की तस्करीचा माल बाजाराच्या पाचव्या, अगदी चौथ्या हिश्श्यापर्यंत पोहोचला आहे आणि कर वाढवला तर तो आणखी वाढेल. हा आकडा तपासून पाहण्याचा एक साधा मार्ग आहे. भारतात सुटी विक्री असल्यामुळे रिकामी पाकिटे ग्राहकाच्या घरी न जाता दुकानदाराकडेच जमतात. रिजो जॉन आणि हॅना रॉस या अर्थतज्ज्ञांनी काही भारतीय शहरांतल्या दुकानदारांकडून एका दिवसाची रिकामी पाकिटे गोळा केली आणि प्रत्येक पाकीट बेकायदेशीर आहे का ते तपासले. 'टोबॅको कंट्रोल' या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बेकायदेशीर पाकिटांचे सरासरी प्रमाण २.७३ टक्के निघाले. शहराशहरांत फरक मोठा होता, आयझॉलसारख्या सीमेजवळच्या शहरात प्रमाण जास्त होते. पाकिटे मोजण्याच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. हुबेहूब नक्कल केलेले पाकीट तिच्यातून निसटू शकते, आणि मोजकी शहरे म्हणजे देश नव्हे. तरीही २.७३ आणि २५ यांतले अंतर अशा त्रुटींनी भरून निघणारे नाही. ज्या आकड्याच्या जोरावर धोरण ठरवायचे, तो कोणी, कसा आणि कुणाच्या पैशाने काढला हे विचारलेच पाहिजे.

कर कमी करून काय होते, याचा प्रयोग कॅनडाने करून पाहिला आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सिगारेटी निर्यात म्हणून करमुक्त अमेरिकेत जात आणि चोरवाटांनी परत कॅनडात येत. सरकारने फेब्रुवारी १९९४ मध्ये कर मोठ्या प्रमाणात कमी केला. महसूल घटला आणि तरुणांमधले धूम्रपान वाढले. पुढे २००८ मध्ये तिथल्या दोन मोठ्या सिगारेट कंपन्यांनी या तस्करीशी जोडलेल्या गुन्ह्याची कबुली दिली आणि दंड व तडजोडीपोटी मिळून एक अब्ज कॅनेडियन डॉलरहून अधिक रक्कम द्यायचे मान्य केले. कर जास्त आहे म्हणून तस्करी होते, असे जे सांगत होते त्यांच्याच निर्यातीतून तो माल परत येत होता.

ब्रिटनने उलटी वाट धरली. २००० च्या सुमारास तिथल्या बाजारातला सुमारे पाचवा हिस्सा करचुकव्या सिगारेटींचा होता. सरकारने कर उतरवला नाही. बंदरांवर क्ष-किरण यंत्रे बसवली, तपासणीची माणसे वाढवली आणि आपला माल पुढे कुणाकडे जातो याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. दहा-बारा वर्षांत तो हिस्सा निम्म्याच्या आसपास आला, आणि या काळात कर चढाच राहिला. दोन देशांचे हे दोन अनुभव शेजारी ठेवले की आपल्यापुढचा निर्णय स्पष्ट होतो.

आरोग्याच्या बाबतीत एक गोष्ट आधी ठामपणे सांगितली पाहिजे. कर भरलेली सिगारेट सुरक्षित नाही. डांबर, कार्बन मोनॉक्साइड, तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही सगळी विषे परवानाधारक कारखान्याच्या सिगारेटमध्येही असतात. 'बनावटीपासून सावध राहा, अस्सलच प्या' असा सल्ला कंपन्यांना सोयीचा आहे. या पुस्तिकेत तो कुठेही सापडणार नाही.

मग जादा धोका कसला? एक धोका आतल्या मालाचा. तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम सहज शोषून पानांत साठवते. जमिनीत ते येते कॅडमियमयुक्त फॉस्फेट खतांमधून, सांडपाण्याच्या गाळातून किंवा कारखान्यांच्या प्रदूषणातून. मोठा उत्पादक पान निवडून घेतो. बनावट सिगारेट बनवणारा मिळेल ते स्वस्त पान, देठ आणि भुकटी घेतो, आणि त्याला विचारणारे कोणी नसते. ब्रिटनमध्ये जप्त झालेल्या बनावट सिगारेटींचा स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये बनावट सिगारेटींचा धूर तपासला. दोन्हींत अस्सल ब्रँडच्या तुलनेत शिसे आणि कॅडमियम कित्येक पटींनी जास्त आढळले. कॅडमियम एकदा मूत्रपिंडात साठले की निम्मे व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात, आणि ते माणसात कर्करोग करणारे म्हणून सिद्ध झालेले आहे. शिशाचा त्रास धूर ओढणाऱ्यापुरता राहत नाही. घाटकोपर किंवा मुलुंडच्या दहा बाय दहाच्या खोलीत तो धूर लहान मुलांच्याही श्वासात जातो.

हे नमुने ब्रिटन-अमेरिकेतल्या जप्तीतले होते. त्यांवरून मुंबईत पकडलेल्या प्रत्येक पाकिटाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. पण तपासणीची सोय आपल्या शहरातच आहे. २०१९ मध्ये देशात तंबाखू चाचणीच्या ज्या राष्ट्रीय प्रयोगशाळा सुरू झाल्या, त्यांतली एक मुंबईच्या केंद्रीय औषध चाचणी प्रयोगशाळेत आहे. जप्त माल नष्ट करण्यापूर्वी त्यातले ठरावीक नमुने तिथे पाठवावेत आणि निष्कर्ष जाहीर करावेत, ही या पुस्तिकेतली पहिली मागणी आहे.

लवंगमिश्रित सिगारेटींचा धोका वेगळा आहे. लवंगेतले युजेनॉल घसा किंचित बधिर करते. पहिल्यांदा ओढणाऱ्याला जो ठसका लागतो आणि शरीर जो नकार देते, तो त्यामुळे सौम्य होतो. सुगंधी, घशाला न बोचणारी सिगारेट कॉलेजच्या मुलामुलींना 'हलकी' वाटते, आणि धूर मात्र छातीत खोल जातो. नवशिक्यांना ओढणारा हा गुण ओळखून अमेरिकेने २००९ मध्ये लवंगेसह सगळ्या सुगंधी सिगारेटींवर बंदी घातली, फक्त मेंथॉल तिच्यातून वगळले.

पण जादा धोक्याचा सर्वांत मोठा भाग धातूंचा नाही आणि लवंगेचाही नाही. तो स्वस्ताईचा आणि न मिळालेल्या माहितीचा आहे. १ एप्रिल २०१६ पासून भारतात प्रत्येक पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला असणे बंधनकारक आहे. २०१८ पासून त्यावर व्यसनमुक्तीसाठीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक, १८००-११-२३५६, छापावा लागतो. परदेशातून चोरून आलेल्या चकचकीत पाकिटावर यांतले काहीच नसते. शिवाय सोन्याच्या रेघा आणि परदेशी अक्षरे असलेले ते पाकीट उंची वाटते. ज्या क्षणी माणसाला 'सोड' असे सांगायला हवे, त्याच क्षणी हे पाकीट त्याला 'तू खास आहेस' असे सांगते. आणि ते स्वस्त असल्यामुळे तो दिवसाला पाचच्या जागी आठ ओढतो. ओढलेल्या सिगारेटींची आणि वर्षांची संख्या वाढली की आजाराची शक्यता वाढते, मग आतला माल कुणाचाही असो.

माल ओळखायचा कसा, याची सविस्तर चित्रे पुढे दिली आहेत. इथे मूळ सूत्र सांगतो. पाकिटावर ८५ टक्क्यांचा भारतीय इशारा आणि दूरध्वनी क्रमांक पाहावा. परदेशी माल असेल, तर भारतातल्या आयातदाराचे नाव आणि पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असलीच पाहिजे. छपाईची नक्कल करता येते, म्हणून शेवटी किंमत पाहावी. बारीक, लांब फिल्टरवाली सिगारेट सर्वांत वरच्या शुल्कात बसते. हजारामागे ८,५०० रुपये म्हणजे वीसच्या पाकिटावर नुसते उत्पादन शुल्कच १७० रुपये होते. असे पाकीट कोणी दीडशेला देत असेल, तर त्यावर कर भरलेला असणे गणितातच बसत नाही. इशाऱ्याची नक्कल होते, बारकोडची होते. भरलेल्या कराची नक्कल करता येत नाही, कारण ती करायची तर तो भरावा लागतो.

कायद्याचे हत्यार आहे, पण बोथट आहे. २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायद्यानुसार, ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात, इशारा नसलेले पाकीट विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कैद क्वचितच होते, आणि हजाराच्या दंडात टपरी बंद पडत नाही. बनावट मालासाठी १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा आहे आणि त्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. तस्करीसाठी १९६२ चा सीमाशुल्क कायदा आहे. पण हे तीन कायदे तीन वेगवेगळ्या यंत्रणांच्या हातात आहेत. टपरीवर सापडलेल्या पाकिटाची माहिती बंदरावरच्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचली नाही, तर ते पाकीट कुठल्या कंटेनरमधून आले हे कधीच कळत नाही.

साखळी जुळवण्याचा उपाय नेमका इथे लागू पडतो. तंबाखूच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १२ नोव्हेंबर २०१२ ला सोलमध्ये स्वीकारला गेला. भारत ५ जून २०१८ ला त्यात सामील झाला आणि २५ सप्टेंबर २०१८ ला तो अमलात आला. त्याचा गाभा असा, की प्रत्येक पाकिटावर पुसता न येणारी, एकमेव ओळख असावी, आणि ती वाचून पाकीट कुठे, कधी तयार झाले आणि कुठल्या बाजारासाठी निघाले हे कळावे. २०२५ च्या वित्त कायद्याने केंद्रीय जीएसटी कायद्यात कलम १४८क घालून ठरावीक वस्तूंवर अशी ओळखखूण सक्तीची करण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर ती आली आणि वाचण्याची सोय पोलीस, महापालिका आणि दुकानदार यांच्या मोबाइलवर आली, तर बोरिवलीच्या टपरीवरचे एक पाकीट न्हावा शेवापर्यंतची वाट दाखवू शकेल. मात्र ती ओळखखूण बनवणारी यंत्रणा सिगारेट कंपन्यांच्या हाती असता कामा नये. करारातही ही अट आहे, आणि कॅनडाच्या अनुभवानंतर ती का हवी हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या प्रकरणांचा क्रम या साखळीप्रमाणेच ठेवला आहे: बंदर, गोदाम, टपरी, ग्राहक. प्रत्येक टप्प्यावर माल कसा ओळखता येतो, तक्रार कुठे करायची, आणि कोणत्या अधिकाऱ्याकडून कोणत्या कायद्याखाली काय मागता येते, ते सांगितले आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे. सुटी सिगारेट विकायला राज्यात बंदी आहे. या दोन नियमांची अंमलबजावणी झाली, तरी बिनकराच्या मालाला लागणारी आडोशाची जागा निम्मी होते. अंमलबजावणीची मागणी प्रभाग पातळीवर, नावानिशी आणि लेखी करता येते.

वाचकांनी ही पुस्तिका वाचून दोन गोष्टी कराव्यात. पुढच्या वेळी कर वाढवण्याची चर्चा निघून कोणी 'तस्करी वाढेल' म्हणाले, तर किती वाढेल, कुठल्या मोजणीने, आणि पाकिटांवर ओळखखूण कधी येणार, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि आपल्या गल्लीच्या तोंडावरच्या टपरीवर भारतीय इशारा नसलेले पाकीट दिसले, तर त्याची लेखी तक्रार करावी. कर चढा ठेवण्याचा निर्णय दिल्लीत होतो. तो निकामी करणारा माल मात्र आपल्याच स्टेशनबाहेर विकला जातो, आणि तिथे तो थांबवण्याचा अधिकार आपल्याला आहे.